अपूर्ण कामासाठी रोखलेला हप्ता: ठेकेदाराला लिहिलेला निरोप तुम्ही पुन्हा कसा लिहिलात?

धागा काढणारी, पुणे

आमच्या दोन स्नानगृहांच्या नूतनीकरणाचे काम 3,20,000 रुपयांना ठरले होते. त्यातला 96,000 रुपयांचा तिसरा हप्ता ‘फरशी, नळजोडणी आणि पाणी सोडून केलेली चाचणी पूर्ण झाल्यावर’ द्यायचा, असे कोटेशनमध्ये लिहिलेले आहे. ठेकेदारांनी हप्ता मागितला, तेव्हा मोठ्या स्नानगृहात दाराशी पाणी साचत होते, लहान स्नानगृहातले ग्राउटिंग झालेले नव्हते आणि गिझरची गरम पाण्याची जोडणी बाकी होती. मी रागाच्या भरात असा निरोप लिहिला: “तुम्ही काम अर्धवट टाकले आहे, दर्जाही समाधानकारक नाही, तीन आठवडे उशीर झाला आहे. सगळे नीट झाल्याशिवाय एक पैसाही मिळणार नाही.” तो अजून पाठवलेला नाही. ज्यांनी असा निरोप बदलून लिहिला, त्यांनी नेमके काय बदलले आणि पुढे काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त उपअभियंता, नाशिक

तुमच्या निरोपात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. ग्राउटिंग आणि गिझरची जोडणी हे अपूर्ण काम आहे, दाराशी साचणारे पाणी हे सदोष काम आहे आणि उशीर ही तिसरीच तक्रार आहे. हप्ता ज्या अटीवर अडला आहे, तिच्याशी पहिल्या दोन गोष्टींचा संबंध आहे, उशिराचा नाही. उशीर त्याच निरोपात घातला की ठेकेदार उत्तर फक्त उशिराचे देतो (सामान वेळेवर आले नाही, सोसायटीने दुपारी काम थांबवले) आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. उशिराबद्दल वेगळे लिहा.

दुसरे म्हणजे ‘पाणी साचते’ असे न लिहिता मोजून लिहा. नहाणी ट्रॅपपासून दारापर्यंत लेव्हल धरा. सहा फुटांत साधारण पाऊण इंच, म्हणजे सहा सूत उतार मिळायला हवा. दोन बादल्या पाणी ओतून अर्ध्या तासाने फोटो काढा. पोकळ वाजणाऱ्या फरश्या नाण्याने ठोकून शोधा आणि पेन्सिलीने त्यांवर क्रमांक घाला.

सरकारी कामात एखादी बाब अपुरी असेल, तर रनिंग बिलात ती कमी दराने, म्हणजे पार्ट रेटने घेतात, सगळे बिल अडवत नाहीत. खासगी कामातही जेवढे राहिले आहे तेवढ्याचीच रक्कम रोखावी, असे माझे मत आहे.

ठेकेदार, कोल्हापूर

मी या व्यवहारात पलीकडच्या बाजूला असतो, म्हणून माझा अनुभव लिहितो. एका घरमालकांनी मला “काम समाधानकारक नाही, हप्ता थांबवला आहे” एवढेच कळवले होते. फरशीचा मिस्त्री वेगळा आणि प्लंबर वेगळा, त्यामुळे कोणाला पाठवायचे हेच मला कळेना. चार वेळा फोन झाले, आवाज चढले आणि तीन आठवडे गेले. दुसऱ्या एका ताईंनी क्रमांक घातलेल्या फरश्यांचे फोटो पाठवले आणि “यांतल्या 4, 7 आणि 11 पोकळ आहेत” असे लिहिले. मी तो निरोप जसाच्या तसा मिस्त्रीला पुढे पाठवला आणि दोन दिवसांत काम झाले. ‘पैसे कधी मिळतील’ हेही त्यांनी लिहिले होते आणि मिस्त्रीची मजुरी मी त्याच भरवशावर दिली.

वाचक, पनवेल

आमच्या बिल्डरने स्लॅब पडण्याआधीच स्लॅबचा हप्ता मागितला होता. आम्ही आर्किटेक्टचा दाखला मागितल्यावर मागणी मागे घेतली गेली. तुम्हीही आधी दाखला मागावा.

धागा काढणारी, पुणे

आपला अनुभव मोलाचा आहे, पण येथे बिल्डर नाही आणि आर्किटेक्टही नाही. काम तपासणारी मीच आहे, म्हणून तर शब्द जपून लिहावे लागत आहेत.

लेखापाल, ठाणे

एक सावधगिरी सुचवतो. ठेकेदार सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदणीकृत असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज लागते. त्यामुळे पैसे रोखण्याच्या भानगडीत पडू नये.

वकील, मुंबई

हे अर्धेच खरे आहे. त्याच कायद्यात असेही आहे की सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. शिवाय बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. धागाकर्तींनी यातून एवढेच घ्यावे की हरकत लेखी असावी, लवकर असावी आणि तिच्यावर तारीख असावी.

वाचक, नागपूर

निवृत्त अभियंत्यांशी मी सहमत नाही. मी स्वयंपाकघराच्या कामात हप्त्यातले सत्तर टक्के देऊन टाकले आणि उरलेल्या पैशांसाठी ठेकेदार परत आलाच नाही. ते काम करण्यापेक्षा नवे काम धरणे त्याला परवडत होते. अट पूर्ण झाली नसेल, तर पूर्ण हप्ता रोखावा.

निवृत्त उपअभियंता, नाशिक

आपले नुकसान झाले त्याचे कारण बहुधा रोखलेल्या रकमेत आहे. कोटेशनमधल्या दराने ती काढली की कमी पडते. फोडून पुन्हा करायचे काम तिऱ्हाईत मिस्त्री ज्या किमतीत करून देईल, ती रक्कम रोखायला हवी, कारण उद्या ठेकेदार आला नाही, तर आपल्याला तेवढाच खर्च येणार असतो. मात्र अट पूर्ण नसताना सगळा हप्ता रोखण्याचा हक्क करारातून मिळत असेल, तर तो सोडून द्यावा असेही मी म्हणणार नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

धागा काढणारी, पुणे

एका दुसऱ्या मिस्त्रींकडून उताराच्या कामाचा लेखी भाव घेतला आणि रविवारी हा निरोप पाठवला:

“नमस्कार. तिसऱ्या हप्त्याच्या (96,000 रुपये) आपल्या मागणीबद्दल लिहीत आहे. कोटेशनप्रमाणे हा हप्ता फरशी, नळजोडणी आणि पाण्याची चाचणी पूर्ण झाल्यावर देय आहे. आज सकाळी पाहिले असता पुढील कामे बाकी आढळली. मोठ्या स्नानगृहात ट्रॅपपासून दारापर्यंत सहा फुटांत दोनच सूत उतार मिळतो, दाराशी पाणी साचते आणि फरशी क्रमांक 3, 5 व 6 पोकळ वाजतात; उतार सुधारून फरशी पुन्हा बसवण्यासाठी 22,000 रुपये. लहान स्नानगृहातले ग्राउटिंग, 5,000 रुपये. गिझरची गरम पाण्याची जोडणी, 9,000 रुपये. एकूण 36,000 रुपये राखून उरलेले 60,000 रुपये उद्या जमा करत आहे. फोटो सोबत आहेत. ही कामे झाल्यावर आपण दोघांनी मिळून पाणी सोडून पाहू आणि उतार बरोबर आढळल्यास दोन दिवसांत 36,000 रुपये देईन. शनिवारी सकाळी दहाला मिस्त्रींसह येणे जमेल का, ते कळवावे.”

पहिल्या निरोपातला ‘दर्जा’ हा शब्द आणि उशिराचा उल्लेख मी काढून टाकला. ‘अर्धवट टाकले’ हेही काढले, कारण तो त्यांच्या हेतूवरचा आरोप होता आणि हेतू मला दिसलेला नव्हता, दिसत होते ते दाराशी साचलेले पाणी.

ठेकेदार शनिवारी आले. 22,000 चा आकडा त्यांना जास्त वाटला, पण दोन सुतांबद्दल त्यांनी वाद घातला नाही, लेव्हल त्यांनी स्वतःच धरून पाहिली. फरशीच्या चार ओळी फोडून पुन्हा बसवल्या, ग्राउटिंग आणि गिझरची जोडणीही झाली. पाणी आता ट्रॅपकडे वाहते, तरी उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढे थारोळे राहते. त्यासाठी मी 3,000 रुपये राखून 33,000 रुपये दिले आहेत. एवढ्याशा थारोळ्यासाठी पुन्हा फरशी फोडायला लावणे योग्य आहे का, की तेवढी रक्कम कमी करून हिशोब मिटवावा, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास वाचायला आवडेल.

ठेकेदार, कोल्हापूर

फोडू नका. उंबऱ्याच्या कडेची फरशी पुन्हा काढली की शेजारच्या दोन हलतात, शिवाय खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागण्याची भीती असते. रक्कम कमी करायची असेल, तर ‘या कोपऱ्यापुरती’ असे लिहूनच करा, म्हणजे उद्या दुसरीकडे गळती निघाली, तर तिची जबाबदारी त्यांच्याकडेच राहील.

निवृत्त उपअभियंता, नाशिक

थारोळे दाराच्या चौकटीला लागत असेल, तर मी फोडायलाच सांगेन. चौकट लाकडी आहे का?