मदत हवी आहे: घरकामाच्या बैठकीत विषय कोणी काढावा?

नुकतंच लग्न झालंय, सासू-सासऱ्यांसोबत राहतो. नवरा आणि मी साडेआठला घर सोडतो. सकाळचे डबे आणि भांडीवाल्या मावशींची सुट्टी, यावरूनच धुसफूस होते. रविवारी चौघं बसणार आहोत. आधी सगळी कामं कागदावर लिहायची, दळण, गॅसचा नंबर लावणं, बाबांची औषधं अशी न दिसणारीसुद्धा. मग वाटणी करून महिनाभर बघायचं. पण मी बोलले तर आईंना हिशोब मागितल्यासारखं वाटेल, आणि त्यांचा लेक भांडी घासणार हे त्यांना खरंच लागतं. ह्यांनीच ‘डबे मी भरतो’ म्हणत सुरुवात करावी, की नणंदेला बोलवावं? तिच्यासमोर आई मोकळेपणाने बोलतील का? अशी बैठक कोणी घेतली असेल तर कृपया सांगा.