मदत हवी आहे: कमाई व्हायच्या आधीच टॅक्स का भरायचा?

रंकाळाकाठचा
मी राजारामपुरीतून परदेशी क्लायंटसाठी ॲनिमेशन करतो, तिसरं वर्ष. गेल्या वर्षीचा ८० हजार टॅक्स जुलैत रिटर्नसोबत भरला, तर वर ७,२४० व्याज लागलं. विचारल्यावर आमच्या सीए काकांनी पत्रच पाठवलं. त्यातला भाग:

"चि. यास, अनेक आशीर्वाद. नोकरदाराचा कर दरमहा पगारातूनच कापला जातो. तुझा परदेशी गिऱ्हाईक काही कापत नाही, म्हणून ते काम तुझ्याकडे येतं. वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त निघत असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण भरायचा. हाच ॲडव्हान्स टॅक्स. तू एकही हप्ता भरला नाहीस, त्याचं व्याज ४,०४०. एप्रिलपासून जुलैपर्यंत ८० हजारांवर महिना एक टक्का, ते ३,२००."

हिशोब कळला. पण जूनमध्ये हातात दोन-अडीच महिन्यांचेच पैसे. डिसेंबरात मोठं काम आलं तर अंदाज चुकणारच की!

पन्हाळ्याचा_पाऊस
भावा, टेन्शन घेऊ नको. फ्रीलान्सरला एकच हप्ता, १५ मार्च. मी तसंच करतो.

उचगावची_माई
आमच्या ह्यांना तर ॲडव्हान्स टॅक्स भरावाच लागत नाही. पेन्शन आणि एफडीचं व्याज, बास.

जमाखर्च
माई, साठी ओलांडलेल्यांना धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर सूट आहे. ह्याचा तर धंदाच आहे.

पाऊसराव, एकच हप्ता सगळ्या फ्रीलान्सरना नाही, आयकराच्या ४४एडीए कलमाखाली वर्षाच्या जमेतली निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवणाऱ्यांना. ती सोय ठरावीक व्यवसायांनाच.

आता मूळ प्रश्न. अंदाज थोडा चुकला तर चालतो. जूनला १२ टक्के आणि सप्टेंबरला ३६ टक्के जमा असले तरी त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही. समज, तू ८० हजार धरून जूनला १२ हजार भरलेस, सप्टेंबरपर्यंत एकूण ३६ हजार. मग मोठं काम आलं आणि कर एक लाखावर गेला. १२ आणि ३६ हजार हे लाखाचे बरोबर १२ आणि ३६ टक्केच, म्हणजे व्याज शून्य. काम १५ डिसेंबरच्या आत हाती आलं तर त्या हप्त्याला एकूण ७५ हजार होतील इतकं भर. तिथे आणि मार्चला मात्र अशी ढील नाही. काम जानेवारीत आलं, तर डिसेंबरपर्यंत तू ८० हजारांच्या हिशोबाने ६० हजारच भरलेले असतील. मग कमी पडलेल्या १५ हजारांवर तीन महिन्यांचं व्याज, ४५० रुपये. एवढ्यासाठी झोप उडवू नकोस.

रंकाळाकाठचा
हे लई भारी सांगितलंत. पण ॲनिमेशन ४४एडीएत बसतं का?

जमाखर्च
त्यावर सीएंमध्येच दोन मतं आहेत. तांत्रिक सल्ला म्हणून बसवणारे आहेत, नाही म्हणणारेही. सही तुझ्या काकांची असणार, त्यांनाच विचार. तोवर जूनचे १२ हजार बाजूला काढ.

पन्हाळ्याचा_पाऊस
आयला, मग मी कंटेंट रायटिंग करतो, त्याचं काय?