गरोदर टेक्निशियनला कॅथलॅबमधून हलवावं का?

मांडवीकर: बडोद्यात एका खासगी इस्पितळात कॅथलॅब टेक्निशियन आहे. सातवा आठवडा चालू आहे. साहेब म्हणतात, उद्यापासून रेकॉर्डरूममध्ये बस. गेल्या तिमाहीत क्ष-किरणांचा डोस मोजणाऱ्या बॅजवर 0.30 मिलिसिव्हर्ट आले. मला लॅबमध्येच राहता येईल का?

वाडीची सून: ताई, हट्ट कशाला? गर्भाला मर्यादा 1 मिलिसिव्हर्टची. ती ओलांडली की बाळाला व्यंग. सात-आठ महिने फायली सांभाळा.

जुना आरएसओ: किरणसुरक्षा अधिकारी म्हणून सांगतो, आकडा बरोबर, अर्थ चुकला. गरोदरपण कळवल्यापासून प्रसूतीपर्यंत गर्भाला 1 ही एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा. पोटातल्या जिवाने ही नोकरी पत्करलेली नाही, म्हणून त्याला सामान्य नागरिकाइतकंच संरक्षण. व्यंगाची भीती साधारण 100 च्या पुढे. कर्करोगाची शक्यता मात्र डोसबरोबर थोडी थोडी वाढते असं धरतात, त्यामुळे 1 च्या आत आहोत म्हणून गाफील राहायचं नाही.

ताई, तुमचा हिशेब: महिन्याला 0.10, उरले साडेसात महिने, म्हणजे बॅजवर 0.75. गर्भ खोलवर असतो, वाटेत किरण शोषले जातात. कॅथलॅबच्या क्ष-किरणांना अर्धा धरला तरी सढळच, 0.38 च्या आसपास. पण बॅज लावता कुठे?

मांडवीकर: छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत. घाईत कधी बाहेरच राहतो.

जुना आरएसओ: मग त्या 0.30 वर विसंबू नका. बाहेर राहिला की आकडा फुगतो. उलट ट्यूब टेबलाखाली असते, विखुरलेले किरण खालच्या बाजूला जास्त, म्हणजे छातीवरचा बॅज पोटाचा डोस कमीही दाखवेल. दुसरा बॅज कमरेला, ॲप्रनच्या आत लावा. तोही दरमहा तपासायला जाणारा हवा. तिमाहीचा निकाल हाती येईपर्यंत निम्मं गरोदरपण सरतं.

गोत्रीची मावशी: माझा तर पाचव्या महिन्यात छातीचा सीटी झाला होता. मुलगा आता दहावीला आहे. काही होत नाही हो.

जुना आरएसओ: मावशी, तुम्ही पेशंट होतात. ही मर्यादा पेशंटला लागूच नाही.

पेटवाला: आरएसओसाहेब, आमच्या न्यूक्लिअर मेडिसिनला तुमचा अर्धा चालणार नाही. 511 केईव्हीच्या किरणांना ॲप्रन जवळजवळ थांबवत नाही, गर्भाचा डोस बॅजच्या बराच जवळ जातो. आयोडीन-131 शरीरात गेलं तर बॅजवर त्याचा पत्ताच लागत नाही, आणि तिसऱ्या महिन्यानंतर बाळाची थायरॉइड ते ओढू लागते. आमच्याकडे मी तरी हलवाच म्हणेन.

जुना आरएसओ: आयोडीनचं काम बंद, मान्य. पण सरसकट नको. हलवलंच पाहिजे असा नियम नाही, आणि सगळ्यांनाच हलवलं तर पुढची मुलगी गरोदरपण लपवेल. लपवलं की कमरेचा बॅजही नाही.

वाडीची सून: साहेबांना उद्या कोर्टात उभं राहायचं नाही, त्यांचंही बघा की.

मांडवीकर: कमरेच्या बॅजचा अर्ज देते. तो येईपर्यंत पॉकेट डोसिमीटर चालेल का? लॅबमध्ये एकच आहे, तो डॉक्टर वापरतात.

जुना आरएसओ: मागून घ्या. फक्त तो पल्स्ड किरणांत नीट मोजतो का ते विचारा. काही मॉडेल कमी दाखवतात.