भ्रामरी आणि नायट्रिक ऑक्साइड: पंधरा पट वाढते ते नेमके काय?

फोंड्याहून प्रश्न: भ्रामरीमुळे शरीरातील नायट्रिक ऑक्साइड पंधरा पट वाढते आणि म्हणून रक्तदाब उतरतो, असे आमच्या योगवर्गात सांगतात. हे कितपत खरे आहे?

योगशिक्षक, मडगाव: आकडा खरा आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी तो 2002 मध्ये प्रसिद्ध केला. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो, या शोधाला 1998 चे नोबेलही मिळाले. मग रक्तदाब उतरतो यात नवल ते काय?

श्वसनविकारतज्ज्ञ, पणजी: दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्यांची सांगड चुकते. पंधरा पट भरले ते नाकातून बाहेर जाणाऱ्या हवेतले नायट्रिक ऑक्साइड, आणि तेही शांत उच्छ्वासाच्या तुलनेत. हा वायू सायनसांत आधीच साठलेला असतो; गुंजनाच्या कंपनांमुळे सायनसांच्या अरुंद तोंडांतून हवा वेगाने आतबाहेर होते आणि तो साठा नाकात उतरतो. निर्मिती वाढली असती, तर लागोपाठ केलेल्या प्रत्येक गुंजनात तेवढाच वायू मिळाला असता. प्रत्यक्षात पहिल्या गुंजनानंतर प्रमाण पायरीपायरीने घसरते आणि सुमारे तीन मिनिटे शांत बसल्यावर पूर्ववत होते. शिवाय रक्तात शिरताच हिमोग्लोबिन या वायूला निकामी करते. म्हणूनच अतिदक्षता विभागात नवजात बाळांना तो श्वासावाटे देतात, तेव्हा फुप्फुसांतील रक्तदाब उतरतो, पण सर्व शरीराचा सहसा उतरत नाही.

म्हापशाहून: मला नाकात पॉलिप आहेत आणि पावसाळ्यात डोके जड होते. भ्रामरी करूनही काहीच सुटत नाही. माझी पद्धत चुकते का?

श्वसनविकारतज्ज्ञ, पणजी: पद्धतीचा दोष नसावा. पॉलिपमुळे सायनसांची तोंडे बुजली असतील, तर गुंजनानंतरची ती वाढ यंत्रावर दिसतच नाही. मात्र तोंडे खरोखर बुजली आहेत का, हे डोके जड वाटण्यावरून ठरत नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

योगशिक्षक, मडगाव: तरीही गुंजनानंतरचा श्वास नाकानेच घेतला, तर नाकात उतरलेला थोडा वायू फुप्फुसांत जाणारच. आणि वर्गानंतर अनेकांचा रक्तदाब कमी भरतो, त्याचे काय?

श्वसनविकारतज्ज्ञ, पणजी: थोडा जातो, हे मान्य, पण निरोगी माणसाला त्याचा किती उपयोग होतो, हे ठरलेले नाही. रक्तदाबाचे श्रेय मी आधी लांबवलेल्या उच्छ्वासाला आणि स्वस्थ बसण्याला देईन. तितकाच लांब, पण आवाज न करता केलेला उच्छ्वास शेजारी ठेवून मोजल्याशिवाय गुंजनाचा वेगळा वाटा काढता येणार नाही.

योगशिक्षक, मडगाव: तुलना रास्त आहे, पण नवशिक्याला आवाजाविना तितका लांब उच्छ्वास साधत नाही. गुंजनच तो लांबवते, तेव्हा त्याचा वाटा शून्य कसा मानायचा?