जन्माष्टमीचे दोन दिवस: एका रेघेत दाखवता येतील

«स्मार्त आणि वैष्णव जन्माष्टमी वेगळ्या दिवशी का करतात, हे छोट्या व्हिडिओत शांतपणे कसे सांगावे?»

२०२३ सालचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी श्रावण वद्य अष्टमी ६ सप्टेंबरला दुपारी साडेतीननंतर लागली आणि ७ तारखेला दुपारी सव्वाचारच्या सुमारास संपली. पडद्यावर आडवी रेघ काढून तेवढाच पट्टा रंगवला, की ६ तारखेची मध्यरात्र आणि ७ तारखेचा सूर्योदय दोन्ही त्यात आलेले दिसतात. कृष्णजन्म मध्यरात्रीचा म्हणून स्मार्तांनी ६ तारीख धरली, तर सप्तमीचा स्पर्श झालेला दिवस टाळून सूर्योदयाची अष्टमी पाहणाऱ्या वैष्णवांनी ७ तारीख धरली. तिथीच्या वेळेबद्दल दोघांत वाद नाही, त्यामुळे ‘खरी तारीख कोणती’ हा प्रश्न निवेदनात (आणि मथळ्यात तर मुळीच) आणू नये.