हुंडी : पैसे पाठवायची सोय की चक्क कर्ज?

वाटसरू_नगर

मुघल काळातला आग्रा-सुरत व्यापार हुंड्यांवर चालायचा, असं जिथे तिथे वाचतो. पण हुंडी म्हणजे मनीऑर्डरच ना? इथे पैसे भरा, तिथे घ्या. मग हुंडीने व्यापाराला भांडवल पुरवलं असं का म्हणतात? यात नवं भांडवल आलं कुठून? जाणकारांनी सांगावं. वाद झाला तरी चालेल.

---

रोखठोक

तुमचं बरोबर आहे, ती मनीऑर्डरच. "भांडवल" वगैरे नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवलेलं आहे.

साधा हिशेब करा. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम चांदीचा. लाख रुपये म्हणजे अकराशे किलोंच्या वर चांदी. एवढं ओझं आग्र्याहून सुरतेला न्यायचं तर बैल हवेत, बरकंदाज हवेत, वाटेत जकातवाले आणि लुटारू आहेतच. त्यापेक्षा सराफाला चार-पाच टक्के दिले की तो सुरतेच्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहून देतो. ते चार-पाच टक्के म्हणजे वाहतूक आणि राखणदारी वाचवल्याची किंमत. सरकारही हीच सोय वापरत होतं. अबुल फजल दख्खनच्या मोहिमेवर असताना १५९९ मध्ये अकबराकडून त्याला तीन लाख रुपये हुंडीनेच पोचले. त्यात कसलं आलंय कर्ज?

सावकारी हा निराळा धंदा. उगाच गल्लत नको.

---

जुनी_वही

रोखठोक, अबुल फजलचं उदाहरण चोख आहे, पण ते एकाच जातीच्या हुंडीचं. तिथे आधी पैसे भरले आणि मग चिठ्ठी निघाली. व्यापारातली मोठी उलाढाल नेमकी उलट्या क्रमाने व्हायची. आधी चिठ्ठी लिहून पैसे उचलायचे आणि फेड नंतर, दुसऱ्या गावात.

आग्र्यातला एखादा नीळवाला धरा. आग्र्याजवळच्या बयाना गावची नीळ तयार झाली, शेतकऱ्याला रोख हवी आहे. नीळ विकली जाणार सुरतेत, जहाजवाल्यांना. याच्याकडे आज पैसे नाहीत. तो सराफाकडे जातो आणि सुरतेच्या आपल्याच पेढीवर किंवा आडत्यावर हजार रुपयांची दोन महिने मुदतीची हुंडी लिहून देतो. सराफ ती विकत घेतो, पण हजारांना नाही. साडेचार टक्के कापून ९५५ रुपये हातावर ठेवतो. त्या पैशांत नीळ खरेदी होते आणि गाड्या निघतात. बुऱ्हाणपूरवरून सुरत गाठायला पस्तीस-चाळीस दिवस. पोचल्यावर माल विकायला पंधरा-वीस दिवस मिळतात आणि मुदत भरते. त्या विक्रीतूनच आडत्या सराफाच्या माणसाला पुरते हजार मोजतो.

आता सांगा, खरेदीच्या दिवशी पैसे कोणाचे होते? नीळवाल्याचे नव्हते. जो माल अजून विकलाच गेला नाही, त्याच्या विक्रीवर सराफाने पैसे पुढे केले. मुदत दोन महिन्यांची का, हेही यातच आलं. वाट आणि विक्री, दोन्ही त्यात बसतात.

---

मिरची_भजी

माफ करा, पण हे हवालाच झालं ना? तो तर बेकायदा आहे. सरकारने धाडी घालून पण बंद होत नाही. उदात्तीकरण कशाला?

---

वाटसरू_नगर

@मिरची_भजी, आपण सतराव्या शतकात आहोत. तेव्हा बेकायदा नव्हतं, दरबारच वापरत होता. पुढे चला.

---

रोखठोक

जुनी_वही, गोष्ट छान रंगवलीत. पण साडेचार टक्के हे व्याजच आहे कशावरून? माझ्या वाहतुकीच्या हिशेबातही तो आकडा बसतोच की.

---

जुनी_वही

त्यासाठी दरांकडे जरा जवळून बघू. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात इथे वारंवार येऊन गेला. सुरतेवर लिहिलेल्या हुंड्यांचे दर त्याने गावोगावचे दिलेत, मुदत साधारण दोन महिन्यांची. अहमदाबादेहून एक ते दीड टक्का, बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, लाहोरहून सव्वासहा, पाटण्याहून सात ते आठ आणि ढाक्याहून दहा.

त्या काळी सुरतेत चांगल्या पतीच्या माणसाला महिना एक टक्क्याच्या आसपास कर्ज मिळे, शतकाच्या उत्तरार्धात त्याहूनही स्वस्त. म्हणजे दोन महिन्यांचं व्याज फार तर दोन टक्के. आग्र्याच्या हुंडीत सराफाने ४५ रुपये कापले, त्यातले वीसेक व्याजाचे. उरलेले पंचवीस कशाचे? तुम्ही म्हणाल वाहतुकीचे. ताव्हर्निये म्हणतो जोखमीचे. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेही बुडतात, म्हणून दर एवढे चढे, असं त्याने स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. अशा हुंडीला आपल्याकडे जोखमी हुंडी म्हणत, माल सुखरूप पोचला तरच ती देय होई.

---

रोखठोक

ताव्हर्निये परका माणूस, मुनिमाने सांगितलं ते त्याने लिहिलं. सगळ्याच हुंड्या जोखमी होत्या, हे मला पटत नाही. साध्या शाहजोग हुंडीत माल बुडो नाहीतर जळो, लिहिणाऱ्याला पैसे द्यावेच लागत. नाहीतर पेढीची पत गेली. आणि दर्शनी हुंडीत मुदतच नाही, दाखवली की पैसे. तिथे व्याज कुठून काढणार?

शिवाय मूळ प्रश्न तसाच आहे. सराफाचे पैसे आता सुरतेत अडकले. आग्र्याची तिजोरी रिकामी. मग चांदी परत बैलावर लादून आणायची का? तसं असेल तर तुमच्या सगळ्या कागदाखाली शेवटी माझी वाहतूकच निघाली.

---

जुनी_वही

दर्शनीचं मान्य, तिथे व्याज जवळजवळ नाही. जोखमी हुंड्यांचं प्रमाण किती, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही, तेव्हा तो वाद राहू दे.

पण सुरतेत अडकलेल्या पैशांचा मुद्दा तुम्ही फार योग्य जागी काढलात. सुरतेत इंग्रजांची वखार होती. त्यांनाही आग्र्यात नीळ आणि कापड घ्यायचं असे. जहाजातून आणलेली चांदी पुरत नसे, म्हणून ते विरजी व्होरासारख्या सावकारांकडून सुरतेतच कर्ज काढत. आता त्यांच्यापाशी रुपये आहेत सुरतेत आणि हवेत आग्र्यात. सराफाचीही अडचण तीच. सराफ इंग्रजांचे सुरतेतले रुपये घेतो आणि त्यांना आपल्या आग्र्याच्या पेढीवर हुंडी देतो. पण आग्र्याची तिजोरी तर त्याने नीळवाल्याला देऊन रिकामी केली होती, ती भरते कशी? आग्र्यात सुरतेचा माल विकणारे व्यापारी असतात, त्यांना पैसे सुरतेला पाठवायचे असतात, शिवाय आसपासच्या परगण्यांचा वसूल तिथे येतो. ते आग्र्यात रोख भरतात आणि सुरतेवर हुंडी नेतात.

असे दोन्हीकडचे कागद वहीत एकमेकांना खाऊन टाकतात. फरक उरेल तेवढीच चांदी बैलावर चढते. वर्षभरात एका बाजूचे कागद फार साचले की तिकडचा दर चढतो, नेमकी त्याच वेळी रोख नेणं परवडू लागतं. म्हणजे तुमचे बैल गोष्टीत आहेतच, पण ते दराला छत घालतात. दर ठरवतात असं नाही.

---

सोलापुरी_चादर

आमच्या घरचं सांगतो. आजोबांचं कापडाचं दुकान. दिवाळीच्या आधी माल भरायला ते मुंबईच्या मुलतानी पेढीकडून पैसे उचलायचे, तेही हुंडीवरच. ट्रंकेत दोन-तीन कागद अजून आहेत, वर तिकिटं छापलेली. तीन महिन्यांची मुदत आणि व्याज आधीच कापलेलं. सही केली हजारांवर, हातात आले कमी. माल पाठवायचाच नव्हता कुठे, सगळं दुकानातच. तेव्हा रोखठोक यांचं मनीऑर्डर प्रकरण आमच्या ट्रंकेला तरी लागू पडत नाही!

गंमत म्हणजे एका मोडी कागदावर आकडा असा लिहिलाय : रुपये एक हजार, निमे रुपये पाचशे, याचे दुप्पट. हे असं का? आणि दुसऱ्या एकावर "पेठ" लिहिलंय. पुण्याच्या पेठेचा पत्ता असेल का?

---

जुनी_वही

तुमचे कागद विसाव्या शतकातले दिसतात. मुलतान्यांची हुंडी निव्वळ कर्जाचीच. व्यापाऱ्याकडून ती घ्यायची, आपली सही ठोकून बँकेत वटवायची आणि तेच पैसे पुन्हा कर्जाऊ फिरवायचे. तेव्हा मुघल काळाचा पुरावा म्हणून ती चालणार नाही, रोखठोक लगेच धरतील.

"निमे"चं कारण खाडाखोड. हजारांत एक शून्य वाढवणं सोपं, पण निम्म्या रकमेसकट सगळा मजकूर बदलणं अवघड. आणि "पेठ" हा पत्ता नाही. मूळ हुंडी वाटेत हरवली की लिहिणारा दुसरी देई, ती पेठ. तीही हरवली तर परपेठ. पैसे फक्त एकावरच मिळत. चुकती झालेली हुंडी म्हणजे खोखा. तुमच्या पेठेची मूळ हुंडी कुठे हरवली ते मात्र आता ब्रह्मदेवालाच ठाऊक.

---

भाऊबंद_६१

पानिपतची बातमी पेशव्यांना सावकाराच्या कासिदाकडून कळली, हे कुणीच कसं लिहिलं नाही? दोन मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या वगैरे. औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचायचं म्हणून त्याला धाडलं होतं. सरकारी डाकेच्याही पुढे! पेढीवाल्यांची खरी ताकद ही, बातमी. कुठे युद्ध पेटलं, कोणाचं दिवाळं वाजलं हे आधी कळलं तरच दर ठरवता येतो. भांडवल-बिंडवल नंतर.

---

रोखठोक

भाऊबंद, हे मात्र पटलं. पानिपताआधीची रडकथाही तीच. उत्तरेत फौजेला पैसा हवा आणि दिल्लीच्या आसपास हुंडी वटवणारा सावकार जागेवर नाही. पुण्याच्या पेढीची पत कितीही असो, पलीकडे पैसे मोजणारा पळाला की तो कागद शेंगदाणे बांधायला.

जुनी_वही, मुदती हुंडी म्हणजे उधार, इथपर्यंत येतो मी तुमच्याबरोबर. पण उधार म्हणजे नवं भांडवल नव्हे. सराफाच्या तिजोरीत होते तेवढेच रुपये फिरले. वाटसरूंचा प्रश्न तोच होता.

---

जुनी_वही

तिजोरीत होते त्याहून जास्त फिरत. विकत घेतलेली हुंडी सराफ मुदतीपर्यंत धरून बसत नसे, बाजारात दुसऱ्याला विके. तो तिसऱ्याला. देणं भागवायला रुपयांऐवजी तीच चाले.

अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या काळात अहमदाबादेत हे टोकाला गेलं होतं. रोकड टंचाई एवढी की सराफ हुंडीवर नाणं देईनातच, एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात जमा करत. याला आंट म्हणत. व्यवहार अडत नव्हते, देणी फिटत होती. मात्र कोणी हट्टाने रोख मागितली तर रकमेत कपात सोसावी लागे. ती कपात इतकी वाढली की सराफांच्या दोन गटांत उघड भांडण लागलं. शहरात जितके रुपये होते तितकेच कागद असते, तर हे भांडण झालं असतं का?

---

रोखठोक

म्हणजे रुपये नव्हते आणि कागद होते, याला तुम्ही भांडवल म्हणता! मी याला टंचाई म्हणतो. ज्याला शेतसारा रोख भरायचा होता त्याला विचारा, आंट घेऊन आमिलाने पावती दिली असती का?

---

वाटसरू_नगर

सारा कागदावर चालायचा का, हे मलाही जाणून घ्यायचंय. जुनी_वही, वेळ मिळेल तेव्हा लिहा. सोलापुरी_चादर, त्या पेठेचा फोटो टाका ना, नावं झाकून.