मदत हवी आहे: साधं मॉइश्चरायझरही झोंबतंय

रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिड दोन्ही चालू असताना नाकाच्या कडांना पापुद्रे सुटले. कपाळ तेलकट नाही, तरी चकचकीत आणि ताणलेलं दिसतं. नेहमीचं बिनवासाचं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं, म्हणजे स्किन बॅरियर बिघडलाय असंच वाटतंय.

दोन्ही बंद केलंय. सकाळी नुसतं कोमट पाणी, रात्री सौम्य क्लेन्झर, चेहरा ओलसर असतानाच सेरामाइडवालं मॉइश्चरायझर आणि दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. बस, एवढंच. झोंबणं कमी झालंय, पापुद्रे मात्र आहेत (स्क्रबने काढायला हात शिवशिवतात, पण आवरतेय).

रात्री तेवढ्याच जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चालेल का? मला पिंपल्स पटकन येतात, म्हणून धाकधूक वाटते. आणि रेटिनॉल पुन्हा कधी सुरू करायचं: झोंबणं थांबलं की लगेच, की आणखी काही आठवडे थांबून?